चौदा जणांत पंधरावा

‘सगळे आलेत, फक्त धाकटा राहिलाय. त्याला यात उभा करून द्याल का?’ फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. कुणी परदेशात असतं, कुणाला रजा मिळालेली नसते, कुणी हयात नसतं. विचारणारा सोबत एक फोटो घेऊन आलेला असतो. त्यात चेहरा छान आलेला असतो आणि बहुतेक वेळा तेवढंच बघून तो निवडलेला असतो.

काम झाल्यावर मंडळी आधी केस बघतात. केसांभोवती पांढरी कड राहिली नाही ना, कान नीट कापलाय ना, हे स्क्रीन मोठी करून तपासतात. केसांची काळजी घ्यायलाच हवी. पण घातलेला माणूस ‘घातलेला’ वाटतो तो क्वचितच केसांमुळे. तो वाटतो पायांमुळे. पाय जमिनीला टेकलेले दिसत नाहीत, उंची शेजारच्याशी जुळत नाही, सावली भलतीकडे पडते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून कात्री हातात घेण्याआधी जमिनीचा हिशेब करावा लागतो, आणि या लेखात मुख्यतः तोच हिशेब आहे.

ही हौस फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं त्या वर्षी, १८६५ मध्ये, मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओत जनरल शर्मन आणि त्यांच्या सेनानींचा फोटो घेतला गेला. जनरल फ्रान्सिस ब्लेअर त्या बैठकीला नव्हते. त्यांचा फोटो नंतर जोडला गेला आणि प्रसिद्ध झालेल्या चित्रात ते उजव्या टोकाला खुर्चीवर बसलेले दिसतात. जोडणाऱ्याने जागा हुशारीने निवडली होती. टोकाला बसवल्यामुळे कुणाचा हात, कुणाचा खांदा त्यांच्यावरून जात नाही, आणि स्टुडिओतल्या मऊ उजेडात ठसठशीत सावलीची भानगड नाही. आपल्या अंगणातल्या फोटोंना ही दुसरी सवलत मिळत नाही. आपल्याकडे ऊन असतं.

एक काम तपशिलात सांगतो. वाईतल्या एका घरी आजींचा अमृतमहोत्सव होता. फेब्रुवारीचा मध्य, दुपारचे साडेतीन. शहाबादी फरशीच्या अंगणात चौदा जण, पुढे बसलेले, मागे उभे. उजव्या टोकाला काका उभे होते आणि त्यांच्या पलीकडे जागा मोकळी होती. ती मुद्दाम सोडलेली होती, कारण टोरांटोला असलेला पुतण्या तिथे यायचा होता. कॅमेरा तिवईवर, लेन्सची उंची जमिनीपासून १.४ मीटर, लेन्स ३५ मिलिमीटरची. फोटो ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच.

पहिलं काम क्षितिज शोधण्याचं. अंगणात क्षितिज दिसत नाही, भिंती आड येतात, पण ते फोटोत असतंच. जुहूच्या किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत उभं राहून समुद्राकडे बघा. पाणी आणि आकाश मिळतात ती रेघ बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आता तुमच्याच उंचीची माणसं बघा, जवळची, लांबची, पार ओल्या वाळूतली. सगळ्यांच्या डोळ्यांतून तीच रेघ जाते. लांबचा माणूस लहान दिसतो, तरी रेघ त्याच्या डोळ्यांवरून हलत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. सपाट जमिनीवर कॅमेरा १.४ मीटरवर असेल, तर क्षितिजाची रेघ उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या पायांपासून १.४ मीटरवर छेदते, मग तो कुठेही उभा असो.

ही रेघ शोधायला शहाबादी फरशीसारखी मदत नाही. फरशीचे सांधे प्रत्यक्षात समांतर असतात, पण फोटोत मागे जाताना एकमेकांकडे झुकतात. दोन-तीन सांध्यांवर रेघा मारून त्या वर वाढवल्या की एका ठिकाणी मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ काढली की ते झालं क्षितिज. या फोटोत ते वरच्या कडेपासून १९०० पिक्सेलवर आलं.

ते बरोबर आहे का, हे काकांकडून तपासून घेता येतं. काकांची टाच ३५८० वर होती, म्हणजे क्षितिजापासून १६८० पिक्सेल खाली. हे अंतर १.४ मीटरचं, म्हणजे काका उभे आहेत तिथे १ मीटर म्हणजे १२०० पिक्सेल. काकांची उंची १.७० मीटर, तेव्हा ते २०४० पिक्सेल भरायला हवेत. डोक्यापासून टाचेपर्यंत मोजले, तेवढेच भरले. क्षितिज पक्कं झालं.

आता पुतण्या. त्याला काकांच्या उजवीकडे, हातभर मागे उभं करायचं ठरलं, म्हणजे त्याच्या टाचा ३४६० वर येणार. क्षितिजापासून हे अंतर १५६० पिक्सेल. त्याची उंची १.७८ मीटर. १५६० ला १.४ ने भागलं आणि १.७८ ने गुणलं की सुमारे १९८३ पिक्सेल येतात. पुतण्या बरोबर एवढाच उंच हवा. अंदाजाने ओढून, काकांच्या डोक्याशी डोकं लावून बघण्याची गरजच उरत नाही. नवशिके नेमकं तेच करतात. ते डोकी जुळवतात, मग पाय जिथे जातील तिथे जातात आणि माणूस एकतर फरशीत रुतलेला दिसतो किंवा तिच्यावर तरंगताना दिसतो. पाय आधी ठेवायचे, उंची आपोआप ठरते. अपवाद एकच. तो पायरीवर किंवा जोत्यावर उभा असेल, तर पायरीची उंची कॅमेऱ्याच्या उंचीतून वजा करून हिशेब करायचा, कारण त्याची जमीनच वर सरकलेली असते.

इथपर्यंत आकड्यांचं काम झालं. पण उंची बरोबर बसली म्हणजे माणूस बसला असं नाही. पुतण्याने आधी पाठवलेले फोटो सगळे कामातून गेलेले होते, आणि त्यांत चेहऱ्याचा काही दोष नव्हता. एक हात लांब करून स्वतःच काढलेला, दुसरा मित्राने अगदी जवळून काढलेला. जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला पाय वरून दिसतात. १.४ मीटर उंचीवरचा कॅमेरा २.६ मीटरवरून पायांकडे २८ अंश खाली बघतो, तर ५.२ मीटरवरून फक्त १५ अंश. पहिल्या फोटोतली पावलं वरून पसरलेली दिसतात, बोटांपासून टाचेपर्यंत. दुसऱ्यात ती चपटी होतात. तो जवळचा माणूस आपल्या अंगणात ठेवला की त्याच्या पायाखालची फरशी जणू उतरती होते. फोटो लहानमोठा करून, ताणून, दाबून हे सुधारत नाही. यथार्थदर्शन ठरतं ते कॅमेरा कुठे ठेवला होता त्यावर. लेन्स फक्त त्या दृश्याचा किती तुकडा घ्यायचा एवढंच ठरवते. म्हणून मी नेहमी सांगतो की दुरुस्त करण्यापेक्षा नवा फोटो मागा. माणूस हयात असेल आणि त्याच्याकडे दहा मिनिटं असतील, तर दिवसभराची खटपट वाचते.

काकांच्या जागेवरून कॅमेऱ्याचं अंतर मोजलेलं होतं, ते ४.८६ मीटर. पुतण्याची जागा हातभर मागे, म्हणजे सव्वापाच मीटर. तेव्हा त्याला सूचना गेली ती अशी: लेन्स जमिनीपासून १.४ मीटरवर, कॅमेरा सरळ समोर बघणारा, वर-खाली न कललेला, तू सव्वापाच मीटर लांब. फोन चालेल का, हा त्याचा पहिला प्रश्न. नेहमीच्या १२ मेगापिक्सेल फोनच्या साध्या लेन्सने, फोन उभा धरून, तेवढ्या अंतरावरून तो जेमतेम हजार पिक्सेल उंच येतो. आपल्याला जवळजवळ दोन हजार हवेत. इथे माणूस चटकन दोन पावलं पुढे सरकतो आणि सगळं यथार्थदर्शन बिघडवतो. त्याने मित्राचा कॅमेरा आणि ३५ची लेन्स मागून घेतली. मग त्याला आणखी एक अट घालता आली. फ्रेमच्या मधोमध उभं राहायचं नाही. मूळ फोटोत तुझी जागा उजवीकडे आहे, तिथेच राहा. मधोमध राहिला असता तर त्याच्या अंगाची जरा वेगळी बाजू दिसली असती आणि ऊनही वेगळ्या कोनातून आलं असतं.

उन्हाचं प्रकरण सगळ्यात लांबलं. वाईतल्या फोटोत सूर्य फोटोग्राफरच्या डाव्या खांद्यामागे, जमिनीपासून सुमारे ४० अंशांवर होता. त्या दिवसांत टोरांटोला सूर्य भर दुपारीही ३३ अंशांच्या आसपासच येतो. म्हणजे फेब्रुवारीत वाईचं साडेतीनचं ऊन टोरांटोत मिळणंच शक्य नव्हतं. शिवाय खाली बर्फ. बर्फावरून परतलेला उजेड हनुवटीखाली आणि नाकाखाली जातो, तिथल्या सावल्या पुसून टाकतो. वाईच्या राखाडी फरशीवर असा उजेड कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. तेव्हा घाई न करता एप्रिलपर्यंत थांबायचं ठरलं. एप्रिलच्या मध्यात तिथे दुपारचा सूर्य ५५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी आणि दुपारनंतर तो ४० अंशांवरून जातोच. ती वेळ ओळखायला यंत्र लागत नाही. १ मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी धरायची. तिची सावली १.२ मीटर झाली की सूर्य ४० अंशांवर आहे. फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली पुढे आणि जराशी उजवीकडे पडली पाहिजे, म्हणजे दिशाही जुळली.

आणि अनवाणी उभा राहा, हेही कळवलं. अंगणात सगळे अनवाणी होते. बूट घातलेला पंधरावा उभा राहिला असता, तर उंची दोन-तीन सेंटिमीटरने वाढली असती हे एक, आणि आजींच्या अंगणात हा एकटाच बूट घालून कसा आला, असं पहिल्याच नजरेत घरच्यांना वाटलं असतं.

मग कापणी. घराच्या गॅरेजचा दरवाजा गडद तपकिरी होता आणि वाईच्या घराची ओसरीही गडद सागवानी. म्हणून त्याला दरवाजासमोर उभं राहायला सांगितलं होतं. कारण असं की केसाच्या कडेचा पिक्सेल पूर्ण केसाचा नसतो. एका पिक्सेलच्या चौकोनात निम्मा केस आणि निम्मी मागची भिंत असू शकते, आणि कॅमेरा दोन्हींचा मिळून एकच रंग नोंदतो. पांढऱ्या भिंतीसमोरचा माणूस कितीही जपून कापला तरी त्या अर्ध्या पिक्सेलांत भिंतीचा पांढरेपणा उरतो आणि गडद ओसरीसमोर तो चमकतो. मागची भिंत आणि नवी भिंत एकाच छटेची असतील, तर ती कड डोळ्याला दिसतच नाही. केसांची निम्मी लढाई अशी फोटो काढण्याआधीच जिंकता येते.

कापताना सगळ्या कडा एकाच अवजाराने कापू नयेत. झब्ब्याची आणि पायजम्याची कड स्पष्ट असते, ती पेन टूलने, खऱ्या कडेच्या एक पिक्सेल आतून घ्यावी. केस Select and Mask मध्ये वेगळे काढावेत, आणि एकेक केस वाचवण्याचा हट्ट धरू नये. मूळ फोटोत काकांचेही सगळे केस मोजता येत नाहीत. कोपर आणि कंबर यांच्यामधली फट विसरली जाते आणि तिथे गॅरेजचा तुकडा राहतो. काहीही खोडरबराने पुसायचं नाही, मास्कने झाकायचं, म्हणजे चुकलं तर परत आणता येतं. आणि कडेचा मऊपणा शेजारच्याइतका ठेवायचा. काकांच्या खांद्याची कड मोठी करून पाहिली तर ती दीड-दोन पिक्सेलांत विरघळते. पुतण्याचा खांदा त्याहून धारदार असेल तर तो कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

पावलं मात्र निवांतपणे कापावीत. अनवाणी पावलाची खालची कड ही रेघ नसते. टाचेचा गोलवा आत वळतो, बोटांच्या मध्ये अंधार असतो, तळव्याची चौकट फरशीला काही ठिकाणी टेकते, काही ठिकाणी नाही. तिथे मास्क जरा सैल ठेवून पुढच्या सावलीने तो मिटवायचा असतो.

सावलीकडे येऊ. बहुतेक जण काय करतात? कापलेला माणूस डुप्लिकेट करतात, काळा करतात आणि जमिनीवर तिरका आडवा पाडतात. पण सावली म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा आकार नव्हे. सूर्याला तो माणूस जसा दिसतो, त्या आकाराची ती सावली. सूर्य जितका बाजूला, तितका हा फरक मोठा. कॅमेऱ्याला दोन पायांमध्ये फट दिसत असेल तर सूर्याला ती दिसेलच असं नाही, आणि नेमका तोच आकार जमिनीवर पडल्यावर खोटा वाटतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी माणसाचा आणखी एक फोटो सूर्याच्या बाजूने काढून घ्यावा, आकार त्यातून घ्यावा. आमच्या कामात मात्र कॅमेऱ्याची जागा, उंची आणि सूर्याचा कोन सगळं जुळलेलं असल्यामुळे पुतण्याच्या पायाशी पडलेली खरी सावलीच आकारासाठी वापरता आली. फक्त आकार घेतला, तिथल्या डांबराचे पिक्सेल नाहीत. ते डांबर रस्त्याकडे उतरतं होतं, म्हणून सावलीचं टोक कुठे यावं हे पुन्हा काकांना विचारावं लागलं.

ते असं विचारतात. काकांच्या पायापासून त्यांच्या सावलीतल्या डोक्यापर्यंत रेघ मारा आणि ती क्षितिजापर्यंत वाढवा. सूर्य इतका लांब आहे की अंगणातल्या सगळ्या सावल्या एकमेकींना समांतर असतात, आणि फरशीच्या सांध्यांप्रमाणे त्याही फोटोत क्षितिजावर एका बिंदूत मिळतात. आमचा बिंदू फोटोच्या उजव्या कडेच्या जरा बाहेर पडला, म्हणून कॅनव्हास वाढवून घेतला. आता पुतण्याच्या पायापासून त्या बिंदूकडे रेघ मारली की सावलीची दिशा मिळाली. लांबीसाठी दुसरी रेघ. काकांच्या खऱ्या डोक्यापासून त्यांच्या सावलीतल्या डोक्यातून जाणारी रेघ खाली वाढवायची. ती क्षितिजावरच्या त्या बिंदूच्या सरळ खाली, बरीच खोल, एका जागी पोचते. त्यासाठी आम्हाला कॅनव्हास खालीही जवळजवळ दुप्पट करावा लागला. पुतण्याच्या डोक्यापासून त्याच जागेकडे रेघ काढा. ही रेघ आणि पायापासूनची रेघ जिथे एकमेकींना छेदतात, तिथे त्याच्या सावलीचं डोकं.

निकाल बघून बरेच जण चकित होतात. ४० अंशांच्या उन्हात १.७८ मीटरच्या माणसाची सावली २.१ मीटर पडते, म्हणजे माणसापेक्षा लांब. पण फोटोत ती फक्त ६०० पिक्सेल आली, माणूस १९८३ असताना. सावली बरीचशी मागे जाते आणि मागे जाणारी जमीन फोटोत दबलेली असते. अंदाजाने काढणारा हमखास सावली लांब काढतो, कारण त्याला उन्हाळी दुपारची सावली ‘माणसाएवढी’ म्हणून आठवत असते.

सावलीची कड एकसारखी धारदारही नसते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे सावली देणाऱ्या भागापासून जमीन १ मीटर लांब असेल तर कड जवळजवळ ९ मिलिमीटर पसरते. पुतण्याच्या पायाशी सावली काटेकोर. त्याच्या डोक्यापासून सावलीतल्या डोक्यापर्यंत उन्हाचा किरण पावणेतीन मीटर चालतो, तिथे कड अडीच सेंटिमीटर धूसर होते. आमच्या फोटोत हे सुमारे २० पिक्सेल. म्हणजे ब्लर पायाशी शून्य आणि टोकाशी २०, मध्ये हळूहळू वाढणारा. सगळ्या सावलीला एकच ब्लर दिला की ती जमिनीवर पसरलेल्या कापडासारखी निर्जीव दिसते.

रंगाचंही असंच. सावली काळी नसते. ऊन अडलं तरी मोकळ्या आकाशाचा निळसर उजेड तिथे पोचतच असतो. काकांच्या सावलीतली फरशी आणि तिच्या शेजारची उन्हातली फरशी, दोन्हींचा रंग आयड्रॉपरने घ्यायचा. पुतण्याची सावली Multiply मध्ये ठेवून, उन्हातली फरशी बरोबर तेवढीच गडद आणि तेवढीच निळसर होईपर्यंत जुळवायची. दोन माणसांच्या सावल्या एकमेकींना शिवतात तिथे अंधार दुप्पट होत नाही, कारण अडवलेलं ऊन दुसऱ्यांदा अडवता येत नाही. Multiply चे दोन थर एकमेकांवर आले की मात्र तो दुप्पट होतो, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या स्टुडिओंच्या कामात पाहिली आहे.

या मोठ्या सावलीखेरीज आणखी एक लहानशी सावली लागते, आणि माझ्या मते सगळ्या कामात तीच सर्वांत महत्त्वाची. तळव्याच्या अगदी खाली, टाच आणि फरशी यांच्या फटीत, आकाशाचा उजेडही पोचत नाही. तिथे बोटभरही नाही इतकी अरुंद, मोठ्या सावलीपेक्षा कितीतरी गडद रेघ असते. काकांच्या टाचेशी जाऊन फोटो चारपट मोठा करा, ती दिसेल. ती काढली नाही तर सावलीची दिशा, लांबी, रंग सगळं बरोबर असूनही माणूस जमिनीपासून उचललेला दिसतो. ढगाळ दिवशी मोठी सावली नसतेच, तेव्हा माणूस जमिनीवर उभा असल्याची ही एकच खूण उरते.

काम झाल्यावर तपासणी डोळ्यांवर सोडायची नाही. सावल्यांच्या बाबतीत माणसाची नजर फार कच्ची आहे. याचा प्रसिद्ध दाखला केनेडी हत्येच्या प्रकरणातला आहे. १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डचा बंदुकीसह परसात काढलेला एक फोटो आहे. नाकाखालची सावली एकीकडे आणि अंगाची दुसरीकडे, म्हणून तो जोडकामाचा आहे, असं अनेकांनी वर्षानुवर्षं सांगितलं. डार्टमथ कॉलेजमधल्या हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये त्या दृश्याची त्रिमिती प्रतिकृती संगणकावर उभी केली आणि दाखवलं की एकाच सूर्याने त्या दोन्ही सावल्या तशाच पडतात. खरा फोटो इतक्या जणांना खोटा वाटू शकतो, तर खोटा फोटो खराही वाटू शकतो. म्हणून रेघा मारूनच बघायचं. फोटोतल्या चार-पाच जणांच्या पायांपासून सावल्यांच्या डोक्यांपर्यंत रेघा काढा. एक सोडून बाकीच्या एका बिंदूत मिळत असतील, तर ती एक रेघ कुणाची आहे ते बघा.

शेवटी प्रत सारखी करायची. टोरांटोचा कॅमेरा नवा, त्याचे रंग जरा थंड, म्हणून पांढऱ्या झब्ब्याचा उन्हातला भाग काकांच्या धोतराच्या उन्हातल्या भागाशी जुळवला. मूळ फोटोत उन्हातही बारीक दाणा होता, तेवढाच पुतण्यावर घातला. काकांची सावली आता पुतण्याच्या पिंढरीमागे जराशी लपली, आणि त्या एका गोष्टीने तो अंगणात जितका रुजला तितका दुसऱ्या कशानेच रुजला नाही. फाईलच्या माहितीच्या रकान्यात ‘उजवीकडून पहिली व्यक्ती नंतर जोडलेली’ असं लिहून ठेवलं. घरच्यांना आज ते माहीत आहे, पण पन्नास वर्षांनी हा फोटो कुणाच्या हाती पडेल त्याला ते कळलं पाहिजे. हीच सोय कुणाला तारीख किंवा हजेरी सिद्ध करायला हवी असेल, तर मी ते काम घेत नाही.

हयात नसलेल्या माणसाच्या बाबतीत नवा फोटो मागता येत नाही, आणि असे फोटो बहुधा छातीपर्यंतचेच असतात. तेव्हा पाय नाहीत म्हणून पायांचा हिशेब सोडून देऊ नये. त्यांना टोकाला उभं करण्याचा मोह टाळावा. मागच्या रांगेत, दोन खांद्यांच्या मागे जागा द्यावी, तिथे ओसरीची सावली असेल तर आणखी बरं, कारण स्टुडिओतला जुना मऊ उजेड तिथे खपून जातो. जुने स्टुडिओतले फोटो साधारण डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात, म्हणून नवा फोटो काढतानाच कॅमेरा जरा वर, उभ्या माणसांच्या डोळ्यांजवळ ठेवावा. त्यांची खरी उंची घरात विचारून घ्यावी, न दिसणाऱ्या टाचा मागच्या रांगेच्या फरशीवर कल्पनेने टेकवाव्यात आणि डोकं त्या हिशेबाने जिथे येईल तिथे ठेवावं. ते शेजारच्या मुलाच्या कानाशी आलं तर तिथेच राहू द्यावं. मान राखायचा म्हणून त्यांना मोठं करून सगळ्यांच्या वर बसवायला अनेकजण सांगतात, पण मग ते त्या घोळक्यात उभे राहत नाहीत.